नुसता फोटो आला की काय उत्तर द्यायचं?

प्रेषक: अनघा (रत्नागिरी)
विषय: नुसता फोटो आला की काय उत्तर द्यायचं?

मंडळी, काल मदत गटाच्या मेलवर परत तेच. नुसता फोटो, IMG_2041.jpg, विषय कोरा, मजकूर कोरा. मंगळवारचं सातबाराचं प्रकरण सगळ्यांना माहीतच आहे, एका मुलाने सातबाऱ्याचा असाच नुसता फोटो पाठवला, विश्वासकाकांनी त्याचा अर्थ दीड पान लिहून पाठवला आणि दोन दिवसांनी त्या मुलाचं उत्तर, "थँक्यू काका, पण फोटो नीट आलाय का एवढंच विचारायचं होतं, वकिलांना द्यायचाय." काका तेव्हापासून फोन उचलत नाहीयेत.

शनिवारच्या आत एक छोटा ठरलेला मेसेज हवाय, म्हणजे ज्याची पाळी असेल तो तेवढा चिकटवेल. मी असा केलाय:

> नमस्कार. आपण पाठविलेले छायाचित्र प्राप्त झाले. आपणांस वर्णन, स्पष्टीकरण की अभिप्राय अपेक्षित आहे? कृपया कळवावे. – मदत गट

सांगा.

---

प्रेषक: मंदार (मस्कत)

अनघाताई, हे माणसाने कशाला करायचं? फोटो आहे आणि मजकूर नाही, की मेसेज आपोआप जाईल असा रूल लावतो, दहा मिनिटांचं काम आहे. मागच्या वर्षीच म्हणालो होतो पण तेव्हा वेबसमितीला विचारायची पद्धत नव्हती म्हणे.

---

प्रेषक: नीलिमा (वेंगुर्ले)

मंदार, नको रे. दुबईत अकरा वर्षं हेल्पडेस्कवर काढलीयत, हा रूल आम्ही लावला होता आणि आठवड्यात काढला. एक तर मजकूर कोरा कधीच नसतो, खाली सही असते नाहीतर "माझ्या फोनवरून पाठवले". म्हणून तू मजकुराची अट सैल करणार, मग ज्याच्या सहीत कंपनीचा लोगो आहे त्याच्या प्रत्येक मेलला हा मेसेज जाणार, कारण तो लोगोही image001.png म्हणून फोटोच धरला जातो. आणि सगळ्यात जास्त वेळा काय होतं, माणूस प्रश्न आधीच्या मेलमध्ये लिहितो, फोटो जोडायचा राहतो, मग दुसऱ्या मेलने नुसता फोटो. त्याला आपण "तुम्हाला काय हवंय" विचारलं की तो भडकतो, आणि बरोबरच आहे. म्हणून पहिलं काम, त्याच माणसाचा मागचा मेल उघडून बघायचा. ते माणसानेच करायचं.

आता अनघा, तुझा मसुदा. राग मानू नकोस, पण नोटीस आल्यासारखं वाटतं. "हे, ते की ते?" असं एका वाक्यात विचारलं की लोक "हो" म्हणतात. खरंच म्हणतात. माझ्याकडे असे किती "हो" आलेत, आणि प्रत्येकाला परत मेल. शिवाय वर्णन आणि स्पष्टीकरण यातला फरक आपल्याला कळतो, फोटो पाठवणाऱ्याला कशाला कळेल? शब्द द्यायचे नाहीत, काम सांगायचं.

तोच सातबारा घ्या. वर्णन मागितलं असतं तर उत्तर: गाव अमुक, गट नंबर अमुक, मधल्या रकान्यात चार नावं, त्यातलं दुसरं कंसात, नावांजवळ गोल करून आकडे. बस, जे दिसतं ते. अर्थ मागितला असता तर काकांचं दीड पान बरोबर होतं. आणि त्याला हवी होती तिसरीच गोष्ट, हा फोटो कामाला येईल का. ती कोणीच दिली नाही! मी आत्ता परत उघडून बघितला, उजवीकडचा इतर अधिकाराचा रकाना अर्धा कापला गेलाय. वकिलाला तोच लागणार. म्हणजे उत्तर एका ओळीचं होतं, "उजवी कड कापली आहे, कागद सपाट ठेवून वरून परत काढ."

माझा मसुदा:

> नमस्कार, फोटो मिळाला. आम्हाला यात ____ दिसतंय. काय करू? नुसता आकडा पाठवा.
> १. यात काय आहे ते सांगा
> २. याचा अर्थ समजावून सांगा
> ३. कसं झालंय, काय सुधारू ते सांगा
> फोटोतल्या एखाद्याच भागाबद्दल विचारायचं असेल तर तो भाग कुठे आहे तेही लिहा.

रिकामी जागा दर वेळी हाताने भरायची. "सातबाऱ्याचं पहिलं पान दिसतंय" एवढंच. चुकीचा फोटो आला असेल तर तिथेच कळतं, आणि आपण उघडून बघितलाय हेही कळतं.

---

प्रेषक: विश्वासकाका (गुहागर)

मी फोन उचलत नाही कारण रेंज नाही. गैरसमज नसावा.

नीलिमा म्हणते ते कापलेल्या रकान्याचं खरं आहे, माझ्या नजरेतून सुटलं, कारण माझी नजर कंसावर गेली. आता तो कंस काय आहे ते सांगतो. जुन्या हाती लिहिलेल्या उताऱ्यात नाव कंसात घातलं म्हणजे त्या नावाचा हक्क कमी झाला. आणि गोलातला आकडा म्हणजे फेरफार नंबर, कशामुळे कमी झाला ते त्या फेरफारात बघायचं. त्या मुलाच्या थोरल्या आजोबांचं नाव कंसात आहे. ते वारल्यावर वारस लागले म्हणून कंस झाला की हक्कसोड केली म्हणून झाला, हे उताऱ्यावरून कळत नाही, फेरफार काढावा लागतो. हे त्याने विचारलं नव्हतं, कबूल. पण ज्याला माहीतच नाही की विचारायला हवं, तो "३" दाबणार आणि मी कड कापलीय एवढं सांगून गप्प बसू? तीस वर्षं याच कागदांत गेली, मला ते जमणार नाही.

---

प्रेषक: सुलभामावशी (देवगड)

फोटोचा विषय निघालाच आहे तर माझ्या आंब्याच्या फोटोंचं काय झालं ते कोणी सांगेल का, मी एप्रिलमध्ये आठ फोटो पाठवले होते, सालीवर काळे ठिपके, आणि मला उत्तर काय आलं तर "वा मावशी, तोंडाला पाणी सुटलं". बागेत चाळीस कलमं आहेत, मला ते करपा आहे की आणखी काय ते हवं होतं. शेवटी कृषी सहायकाला घरी बोलावलं.

---

प्रेषक: मंदार (मस्कत)

मावशी, ते उत्तर माझं होतं, सॉरी. मला वाटलं नुसतं दाखवायला पाठवलेत. आणि आतून साका आहे का हेही फोटोवरून सांगता आलं असतं ना?

---

प्रेषक: सुलभामावशी (देवगड)

मंदार बाळा, साका बाहेरून दिसला असता तर आमचे निम्मे वाद मिटले असते. फळ कापल्याशिवाय कळत नाही, वरून सोन्यासारखं आणि आत कोयीजवळ पांढरट फोफसं. कापलेल्याचा फोटो असेल तरच बोलायचं.

---

प्रेषक: नीलिमा (वेंगुर्ले)

मावशींचा मुद्दा महत्त्वाचा आहे हं. "२" किंवा "३" आलं तरी फोटोत जे नाही ते सांगायचं नाही, दुसरा फोटो मागायचा. कापलेलं फळ, पानाची मागची बाजू, कागदाचं दुसरं पान, जे लागेल ते.

काका, तुमचं उत्तर आधी देते. "३" आला तर आधी एका ओळीत तेवढंच सांगायचं. मग खाली, "यात एक नाव कंसात आहे, त्याबद्दल सांगू का?" तो हो म्हणाला की दीड पान पाठवा, त्या दीड पानाला मग वाचणाराही मिळेल.

---

प्रेषक: शरदकाका (मालवण)

मी ऐकून लिहितोय, चुका पोटात घाला. माझी दृष्टी गेल्यापासून नुसते फोटो पाठवणारा मीच आहे हे बहुतेकांना ठाऊक आहे. घरी कागद येतो, फोनने फोटो काढतो, तुम्हाला धाडतो. मला "यात काय आहे" या पर्यायात एक अडचण आहे. मागे कोणीतरी मला लिहिलं, "विजेच्या बिलाचा फोटो आहे." अहो, विजेचं बिल आहे हे मला पाकिटावरून कळलं, रक्कम किती आणि तारीख कुठली? छापील कागद असेल तर वर्णन म्हणजे वाचून दाखवणं. वरपासून खालपर्यंत, आहे तसं. आणि माणसांचा फोटो असेल तर कोण कुठे उभा आहे ते. फक्त "छान फॅमिली फोटो" नको.

आणखी एक, आकड्यांच्या जागी ती रंगीत चौकोनी चित्रं घालू नका. माझा फोन प्रत्येकाचं लांबलचक नाव वाचत बसतो. साधे १ २ ३ ठेवा.

---

प्रेषक: प्रसाद (मालवण)

माका एक सांगा, सापाचो फोटो इलो तर हो मेसेज धाडतलास? गेल्या पावसात मस्कतच्या एकाच्या आईने पडवीतला फोटो त्याला पाठवला, त्याने तसाच मदत गटाला. नुसता फोटो. पाळी माझी होती म्हणून बरं, सरळ त्या माउलीला फोन लावला. फुरसं होतं. चावलं नव्हतं, पण ती काठी घेऊन जवळ चाललेली. तिथे "१, २ की ३" पाठवलं असतं तर तो मेल मस्कतमधला मुलगा संध्याकाळी वाचणार.

---

प्रेषक: मंदार (मस्कत)

बरं, ऑटोमॅटिकचा हट्ट सोडला. पण मेसेज वेबसाइटवर मी टाकणार, शेवटची प्रत माझ्याकडे पाठवा, गेल्या वेळसारख्या तीन वेगवेगळ्या प्रती फिरवू नका.

---

प्रेषक: अनघा (रत्नागिरी)

ठीक. सगळ्यांचं घेऊन:

> नमस्कार, फोटो मिळाला. यात ____ दिसतंय. काय करू? नुसता आकडा पाठवा, दोन पाठवले तरी चालतील.
> १. यात काय दिसतं, काय लिहिलंय ते सांगा
> २. याचा अर्थ समजावून सांगा
> ३. बरोबर झालंय का, काय बदलू ते सांगा
> ४. काही नको, नुसतं दाखवायचं होतं
> एखाद्याच भागाबद्दल विचारायचं असेल तर तो कुठे आहे ते लिहा.

साप, जखम, घरात पाणी, असला फोटो आला तर हे पाठवायचं नाही, फोन. मागचा मेल आधी बघायचा. "अभिप्राय" काढला, कारण त्यावर लोक स्तुतीच करतात. चौथा पर्याय मंदारसाठी घातलाय.

कालच्या IMG_2041 वाल्या दापोलीच्या बाईंना हाच पाठवला, रिकाम्या जागेत "मोडीतलं पत्र, खालची डावी बाजू ओली झालेली" असं भरून. वीस मिनिटांत उत्तर आलं, "१, पण मोडी येतं का कुणाला? शाई पुसत चाललीय."

---

प्रेषक: विश्वासकाका (गुहागर)

मोडी मला येतं, जमिनीचे जुने कागद वाचण्यापुरतं. घरगुती पत्राचा हात वेगळा असतो, बघतो. त्यांना सांग, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, तीन तुकड्यांत काढा, प्रत्येक तुकड्यात आधीच्या दोन ओळी येऊ देत. आणि ओली बाजू चोळू नका.

चौथ्या पर्यायाला माझा विरोध आहे. नुसतं दाखवायचं असेल तर मदत गटाला कशाला पाठवायचं?

---

प्रेषक: नीलिमा (वेंगुर्ले)

काका, कारण घरी बघायला कोणी नसतं. राहू दे तो.

---

प्रेषक: विश्वासकाका (गुहागर)

शनिवारच्या मीटिंगला बोलू. मोडीचे फोटो आले की फोन करा, मेल नको, रेंज संध्याकाळी सातनंतर असते.