दहा बॉक्स मागवा, आणि एकदमच

> "खोली १० बाय १२ ची आहे. २ बाय २ च्या टाइल्स ऑनलाइन घेतोय. आठ बॉक्स पुरतील ना?"

नाही पुरणार. ६०० मिमीची टाइल पूर्ण दोन फुटांची नसते. चारचा बॉक्स साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतो. म्हणजे नुसत्या फरशीलाच ३१ टाइल्स. दार सोडून ४१ फूट स्कर्टिंग, एका टाइलमधून चार इंची पाच पट्ट्या, म्हणून आणखी पाच. कटिंग-तुटीला तीन धरा. झाल्या ३९, म्हणजे दहा बॉक्स.

आणि दोनदा मागवू नका. आम्ही दोन बॉक्स नंतर मागवले. डिझाइन तेच, पण बॉक्सवरचा शेड नंबर वेगळा निघाला. सुट्या टाइल्स हातात घेतल्यावर काहीच कळलं नाही, खिडकीशेजारी बसवल्यावर मात्र पिवळसर पट्टा उठून दिसला. त्यामुळे माल उतरताच प्रत्येक बॉक्सवरचा शेड नंबर आणि साइजचा कोड जुळवून बघा. मिस्त्रीने लावलेली टाइल सहसा कोणी परत घेत नाही.

बॉक्स उभेच ठेवा, आडवे रचू नका. डिलिव्हरीवाला असतानाच कोपरे तपासा आणि उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.