जवळीक संपली की मुरली?

"वीस वर्षांनी बोलायलाच काही उरत नाही. म्हणजे जवळीक संपून नुसती बांधिलकीच उरली ना?"

इतक्यात तसं ठरवू नका. १९८६ साली जवळीक, आवेग आणि बांधिलकी असा प्रेमाचा त्रिकोण मांडताना मानसशास्त्रज्ञ स्टर्नबर्गने जाणवणारी जवळीक आणि सुप्त जवळीक वेगळी धरली होती. एकमेकांच्या सवयी पाठ झाल्या की अनपेक्षित काही घडत नाही, म्हणून ती जाणवत नाही. रोजची घडी विस्कटली की कळतं. मागच्या मे महिन्यात ही आईच्या आजारपणामुळे महिनाभर अकोल्याला होती. नागपूरचा उन्हाळा, रात्री कूलरमध्ये पाणी भरताना पाईप धरून मी सवयीने "नळ बंद कर गं" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा घशात आवंढा आला. असा दुरावा येऊनही काहीच हललं नाही, तर मात्र तुमची शंका खरी असू शकते.