नॉनडिटरमिनिस्टिक मशीन: शाखा कोणत्या क्रमाने तपासायच्या?

> अनेक टेप एका टेपवर बसतात हे पटलं. पण नॉनडिटरमिनिस्टिक मशीन सगळ्या वाटांनी जातं, ते साध्या मशीनला कसं जमणार?

नॉनडिटरमिनिस्टिक ट्युरिंग मशीनला एका पावलावर पुढे जायचे अनेक पर्याय असू शकतात, साध्या मशीनला एकच. त्या पर्यायांना क्रमांक द्या. समजा प्रत्येक पावलावर जास्तीत जास्त २ पर्याय आहेत. मग गणनेची कुठलीही वाट म्हणजे १ आणि २ यांची एक ओळ. २१२ म्हणजे आधी दुसरा पर्याय, मग पहिला, मग पुन्हा दुसरा.

साध्या मशीनला तीन टेप द्या: एकीवर मूळ इनपुट, दुसरीवर कच्चं काम, तिसरीवर ही ओळ. ओळीप्रमाणे पावलं टाकायची. ती संपली की कच्चं काम पुसून इनपुट पुन्हा उतरवायचं आणि पुढची ओळ घ्यायची: १, २, ११, १२, २१, २२, १११... कुठेही स्वीकार अवस्था आली की थांबायचं.

हा लांबीनुसार क्रमच सगळ्याचं मर्म आहे. पहिलीच वाट शेवटपर्यंत धरली आणि १११११... कधी थांबतच नसेल, तर २१ वर असलेला स्वीकार आपल्या हाती कधीच लागणार नाही.

या तीन टेप मग तुम्हाला पटलेल्या पद्धतीनेच एकीवर येतात: # ने वेगळे केलेले भाग, आणि प्रत्येक भागात हेडच्या जागी खुणेचं अक्षर. एका पावलासाठी सगळी टेप फिरावी लागते, म्हणून t पावलांची साधारण t² होतात.

वाटांचा खर्च मात्र फार मोठा आहे. स्वीकार t व्या पावलावर असेल, तर 2^t च्या घरात ओळी तपासाव्या लागू शकतात. स्वीकारल्या जाणाऱ्या शब्दांचा संच तोच राहतो, वेळ वाढतो. ही वाढ बहुपदीत आणता येते का, हा P विरुद्ध NP चा प्रश्न अजून सुटलेला नाही.