न्यूरल कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग: HR@10 चांगला येतोय पण सगळ्यांना तेच तेच पिक्चर सुचवतंय, मदत हवी आहे

रानवारा:
नमस्कार मंडळी. मूव्हीलेन्सच्या १० लाख रेटिंगवाल्या डेटासेटवर मॉडेल ट्रेन करतोय, युजरचं एक एम्बेडिंग, पिक्चरचं एक, एका बाजूने दोघांचा गुणाकार आणि दुसऱ्या बाजूने एमएलपी, शेवटी दोन्ही जोडून सिग्मॉइड. रेटिंग कितीही असो, पाहिला म्हणजे १. प्रत्येक पॉझिटिव्हमागे ४ निगेटिव्ह, युजरने न पाहिलेल्यातून रँडम, आणि दर इपॉकला नव्याने काढतो. प्रत्येक युजरचा शेवटचा पिक्चर टेस्टला ठेवलाय आणि तो ९९ रँडम न पाहिलेल्या पिक्चरमध्ये मिसळून रँक बघतो. HR@10 ०.६७ येतोय, म्हणजे वाईट नाही. पण प्रत्यक्षात एखाद्या युजरसाठी सगळे ३७०६ पिक्चर स्कोअर करून वरचे १० काढले की जवळजवळ सगळ्यांची लिस्ट सारखीच, हॉररवाला असो की लहान मुलांचे पिक्चर बघणारा असो, वर तेच गाजलेले. सगळे पिक्चर धरून HR@10 काढला तर ०.०८. एवढा फरक कुठून येतो? आणि एम्बेडिंग युजरची आवड शिकतंय की नाही हे कसं तपासायचं?

भिंगरी:
निगेटिव्ह कमी पडतायत. ४ चे २० कर, मॉडेलला जास्त उदाहरणं मिळाली की फरक ओळखायला शिकेल. माझ्याकडे ४ वरून ८ केल्यावर थोडी सुधारणा झाली होती.

कोडेवाला:
मलाही सेम प्रॉब्लेम आहे, माझा लॉस ०.५० वर अडकलाय आणि खालीच येत नाही, लर्निंग रेट बदलून बघितला, एम्बेडिंग साइज वाढवून बघितली, काहीच नाही. निगेटिव्ह ४ च आहेत.

गणिती:
कोडेवाला, तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. १ ला ४ निगेटिव्ह म्हणजे पाचातला एक पॉझिटिव्ह, मॉडेलने डोळे झाकून सगळ्यांना ०.२ दिलं तरी लॉस −(०.२·ln ०.२ + ०.८·ln ०.८) म्हणजे ०.५००४ येतो. तुमचं मॉडेल नेमकं तिथे बसलंय, म्हणजे युजर आणि आयटमकडे ते बघतच नाहीये. आधी बघा की शफल करताना लेबल वेगळं आणि जोड्या वेगळ्या शफल होत नाहीयेत ना, आणि ऑप्टिमायझरला एम्बेडिंगचे पॅरामीटर दिलेत ना.

रानवारा, तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र झाल्यात. पहिली ट्रेनिंगची. १० लाख पॉझिटिव्हमागे ४० लाख निगेटिव्ह, ते ३७०६ पिक्चरमध्ये सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला इपॉकला साधारण १०८०. आता अमेरिकन ब्यूटी घ्या, तो ६०४० पैकी ३४२८ जणांनी पाहिलाय. म्हणजे ३४२८ वेळा "हो", आणि निगेटिव्ह मिळणार फक्त उरलेल्या लोकांकडून, ते पाचशेच्या आतच राहणार. याउलट फक्त २० जणांनी पाहिलेला पिक्चर: २० वेळा "हो" आणि हजारावर वेळा "नाही". युजर कोण आहे हे न बघताही "हा पिक्चर गाजलेला आहे का" एवढ्यावरच लॉस चांगला खाली येतो, आणि मॉडेलला तेच सगळ्यात आधी सापडतं.

म्हणून भिंगरी, २० निगेटिव्ह केले तर प्रत्येक पिक्चरचे निगेटिव्ह पाचपट होतील, अमेरिकन ब्यूटीचेही आणि त्या २० वाल्याचेही. दोघांतलं अंतर तेवढंच राहील. ग्रेडियंट थोडा स्थिर होतो म्हणून तुम्हाला सुधारणा दिसली असेल, पण हा रोग त्याने जात नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. १०० मध्ये वरच्या १० त येणं म्हणजे वरच्या दहा टक्क्यांत येणं, सगळ्या ३७०६ मध्ये तो साधारण ३७० वा असला तरी चालतं! शिवाय ते ९९ रँडम निवडलेले, म्हणजे बहुतेक फार कमी जणांनी पाहिलेले पिक्चर. नुसता गाजलेपणावर लावलेला क्रम याच पद्धतीने मोजला तर या डेटासेटवर ०.४५ च्या आसपास जातो. तुमच्या ०.६७ पैकी मोठा भाग तिथूनच आलाय. क्रिचेन आणि रेंडल यांचा २०२० चा पेपर याच विषयावर आहे, सॅम्पल करून मोजलं की कुठलं मॉडेल चांगलं याचा क्रमसुद्धा उलटू शकतो.

रानवारा:
हे वाचून डोकं लख्ख झालं, मनापासून आभार. मग तपासायचं कसं, आणि सॅम्पलिंग कसं बदलू?

गणिती:
तपासायला: सगळ्या युजर एम्बेडिंगची सरासरी काढा, तो एक काल्पनिक युजर समजून सगळे पिक्चर स्कोअर करा, आणि तो क्रम पिक्चर किती जणांनी पाहिला याच्याशी ताडून बघा. मग खऱ्या युजरच्या लिस्टा याच क्रमाशी किती जुळतात तेही बघा. फारच जुळत असतील तर युजर एम्बेडिंग जवळजवळ वाया जातंय.

सॅम्पलिंगसाठी निगेटिव्हही गाजलेपणाच्या प्रमाणात काढा, पण पूर्ण प्रमाणात नको, घात लावून:

```python
cnt = np.bincount(train_items, minlength=n_items)
p = (cnt + 1) ** 0.5
p = p / p.sum()
neg = rng.choice(n_items, size=4 * len(train_items), p=p)
```

यातून युजरने पाहिलेले निघाले तर ते पुन्हा काढायचे, तुम्ही आत्ता करताय तसंच. अमेरिकन ब्यूटी त्या २० वाल्याच्या १७१ पट पाहिला गेलाय. पाहिलेले पुन्हा काढणं हिशेबात न धरता, ०.५ घाताने त्याला निगेटिव्ह सुमारे १३ पट मिळतात, म्हणजे १७१ पटीचा फायदा १३ पटीवर येतो. घात १ केला तर फायदा जवळपास संपतो, आणि मग उलटा त्रास, दोन-चार जणांनी पाहिलेले पिक्चर वर यायला लागतात.

तो `+ 1` काढू नका. ज्याचं एकमेव रेटिंग टेस्टमध्ये गेलं त्याचा काउंट शून्य होतो, मग तो कधी निगेटिव्ह येत नाही, त्याचं एम्बेडिंग सुरुवातीला होतं तसंच रँडम राहतं आणि कधीकधी भलत्याच युजरच्या लिस्टमध्ये डोकावतं.

अवखळ:
थोडं वेगळं मत. टेस्टमधले पिक्चर पण लोकांनी गाजलेलेच पाहिलेत ना? मग गाजलेपणा कमी केला की सगळे धरून काढलेला HR पण घसरू शकतो. युजरला खरंच गाजलेला पिक्चर बघायचा असेल तर तो दाखवण्यात चूक काय?

गणिती:
चूक नाही, पण गाजलेल्यांची लिस्ट काढायला मॉडेल कशाला हवं, एक सॉर्ट पुरतो. मॉडेलने त्याच्यावर काय भर घातली ते बघायचं. तरी तुमचा मुद्दा खरा आहे, या टेस्टमध्ये घात किती योग्य हे पूर्ण कळणार नाही, कारण टेस्टही त्याच सवयीतून आलीये.

रानवारा:
०.५ ने चालवलं. ९९ वाला HR ०.६७ वरून ०.६१ वर आला, सगळे धरून ०.०८ चा ०.०७ झाला, पण लिस्टा आता खरंच वेगळ्या आहेत, हॉररवाल्याला हॉरर येतायत. सरासरी युजरची चाचणी पण केली, आधी क्रम जवळजवळ काउंटचाच होता, आता बराच सुटलाय.

अवखळ:
बघा, HR घसरलाच.

भिंगरी:
मग ०.२५ घेऊन बघ ना, कदाचित दोन्ही साधेल. आणि युजरचे गट पाडून मोज, ज्यांनी शेवटी कमी गाजलेला पिक्चर पाहिला त्यांचा HR वेगळा काढ, माझा अंदाज आहे की तिथे वाढला असेल.

रानवारा:
हे करून बघतो. गट पाडताना "कमी गाजलेला" ची रेघ कुठे मारायची, २०० काउंट की खालचे अर्धे पिक्चर? खालच्या अर्ध्यांत टेस्टचे युजर फारच थोडे उरतायत.