अनुभव धागा: सात दिवसांची ‘फुकट’ ट्रायल आणि गेलेले १,४९९ रुपये

निशिगंधा: हा धागा काढायचं कारण माझाच गाढवपणा. एका योगासनांच्या ॲपची सात दिवसांची ट्रायल घेतली. ३ तारखेला रात्री ९ वाजता यूपीआयवरून १ रुपया गेला. ९ तारखेला रात्री ८.४० ला बँकेचा मेसेज आला, ‘उद्या १,४९९ कापले जातील.’ मी तो पाहिला दहाला. लगेच ॲपमध्ये जाऊन रद्द केलं, हिरवी बरोबरची खूणही आली. तरी १० तारखेला रात्री वर्षाचे पैसे गेले!

मग अटी वाचल्या. त्यांत लिहिलं होतं की ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा, नाहीतर पूर्ण मुदतीची फी लागू होईल आणि परत मिळणार नाही. म्हणजे माझी वेळ ९ तारखेला रात्री ९ लाच संपली होती. ती हिरवी खूण पुढच्या वर्षासाठी होती म्हणे. तुमचेही अनुभव लिहा. अटींत नेमकं काय बघता?

खवय्या_सातारा: ॲप फोनमधून काढून टाकायचं, विषय संपला. मी तेच करतो.

रिकामटेकडा: खवय्या, तसं नाही हो. ॲप गेलं तरी सबस्क्रिप्शन जागच्या जागी राहतं. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर ते तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊनच रद्द करावं लागतं, आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली.

पेन्शनर_काका: पण रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, दर वेळी ओटीपी लागतो? मग पैसे गेलेच कसे?

लेजर_वही: काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी पेमेंटच्याच कामात आहे. ओटीपी किंवा पिन लागतो तो परवानगी देताना, म्हणजे मँडेट करताना. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची साधी कपात पिनशिवाय होते. २०२२ पूर्वी ही मर्यादा ५,००० होती. कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना मात्र द्यावीच लागते. निशिगंधाताईंच्या बाबतीत ती वेळेत आली, पण कंपनीचीही मुदत २४ तासांचीच, त्यामुळे हाती उरली वीस मिनिटं.

ताई, त्या रात्री यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेटच रद्द केलं असतंत, तर दुसऱ्या दिवशी कपात झालीच नसती. कंपनीकडे रद्द करणं आणि बँकेकडची परवानगी काढून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक बघा, पिन टाकताना १ रुपया ठळक दिसतो, पण खाली कमाल रक्कम असते. ती ५,००० असेल तर उद्या वर्गणी वाढली तरी नवी परवानगी लागत नाही. मी आधी तीच ओळ वाचतो.

निशिगंधा: आत्ता उघडून बघितलं. माझ्या मँडेटमध्ये कमाल ५,००० आहे! आणि मुदत २०५० पर्यंत. तेव्हा मी ७५ वर्षांची असेन, सूर्यनमस्कार घालत.

शंकासुर: मँडेट रद्द केलं, पण कंपनीकडचा करार रद्द केला नाही, तर कंपनी नंतर वसुली मागू शकते का?

लेजर_वही: कागदावर मागू शकते. छोट्या वर्गणीसाठी बहुतेक खातंच बंद करतात. तरी दोन्हीकडे रद्द करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही.

माहेरवाशीण: आमच्या जिमवाल्यानेही वर्षाची फी परत दिली नाही. रोखीने भरली होती, पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ बारीक अक्षरात. ती पावतीही आता सापडत नाही.

म्युनिकचा_बंड्या: इकडे जर्मनीत १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार रद्द करायचं बटण ठेवणं बंधनकारक आहे. दोन क्लिकमध्ये काम. तरी काही जण ते पानाच्या पार तळाशी, करड्या अक्षरात लपवतात. मराठी माणसाला लपवलेलं शोधायची सवय असते, ते सोडा.

रिकामटेकडा: आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्न्सची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रद्द करणं मुद्दाम किचकट ठेवणं त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून धरलं आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण ताईंचा सापळा वेळेचा आहे, बटण तर सापडलं होतं. तो त्यात बसेल का, शंका आहे.

शंकासुर: डेटाचं कोणी बोललं नाही. मी एका आहाराच्या ॲपचं सबस्क्रिप्शन रद्द केलं, तरी चार महिन्यांनी त्यांचा मेल आला, ‘तुमचं वजन किती झालं?’ अटींत लिहिलं होतं की वर्गणी संपली तरी खातं चालू राहील. खातं पुसायची विनंती वेगळी करायची, तीही ईमेलने. ती केली. उत्तर आलं, ‘कायद्याने लागणाऱ्या नोंदी सोडून बाकी काढलं.’ माझी साखर आणि वजन त्या नोंदींत येतं का, हे विचारलंय. तीन आठवडे झाले.

खवय्या_सातारा: आत्ताच प्ले स्टोअर बघितलं. दोन चालू निघाली. एक तर मुलाच्या गेमचं.