मदत हवी आहे: पोल डावीकडे असूनही सिस्टिम अस्थिर कशी होते?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट ठिबकच्या लाइनमधलं प्रेशर एकसारखं ठेवायचा आहे. व्हॉल्व उघडले-मिटले तरी १.५ बार राहिलं पाहिजे, त्यासाठी व्हीएफडीनं पंपाचा स्पीड कमी-जास्त करायचा. लॅबमध्ये छोटा पंप, जमिनीवर टाकलेल्या काही लॅटरल आणि अर्डुइनो एवढाच पसारा आहे. सेन्सरचं रीडिंग थरथरतं म्हणून कंट्रोल सेकंदातून एकदाच चालवतो, म्हणजे T = 1.

स्टेप टेस्टमधून टाइम कॉन्स्टंट २ सेकंद निघाला. स्केलिंग असं केलंय की डीसी गेन १ येतो, त्यामुळे K हा सगळ्या लूपचा गेन समजा. कंट्रोल फक्त प्रपोर्शनल.

कागदावर पोल s = -(1+K)/2 येतो. K कितीही वाढवला तरी तो आणखी डावीकडेच जातो, म्हणजे अस्थिर व्हायचा प्रश्नच नाही. पण सायलॅबमध्ये सँपलिंग आणि झिरो ऑर्डर होल्ड टाकून K = 5 केलं की आउटपुट वर-खाली होत फुटतं. तिथे झेड-प्लेनवर पोल -१.३६ दाखवतो. तोही डावीकडेच आहे ना? उलट K = 0 ला पोल +०.६१, चांगला उजवीकडे, आणि तेव्हा सगळं शांत. एकक वर्तुळाच्या आत पोल हवा हे पाठ आहे, पण वर्तुळच का, ते सर विचारतात आणि मी गप्प बसते.

दुसरी भानगड: K = 3 ला सिम्युलेशन नीट स्थिरावतं, पण खऱ्या पंपावर प्रेशर साधारण पाच-पाच सेकंदांचे झोके घेत राहतं. कोड मागच्या बॅचकडून आलाय. स्केलिंगच्या ओळी काढून लूप असा आहे:

```
void loop() {
  analogWrite(9, u);
  p = readPressure();
  u = u0 + K * (r - p);
  delay(1000);
}
```

केळीबाग_रावेर

राम राम ताई. प्रेशर झोके घेतंय म्हणजे लाइनीत हवा अडकली आहे, दुसरं काही नाही. आमच्याकडे मेन लाइनीच्या उंच जागी एअर व्हॉल्व नव्हता, काटा असाच नाचायचा. सँड फिल्टरही बॅकवॉश करून बघा.

तापीकाठची

काका, लाइन लॅबच्या फरशीवर सपाट आहे आणि पाणी टाकीतलं स्वच्छ आहे. शिवाय K कमी केला की झोके लगेच थांबतात. हवा असती तर तसं झालं नसतं ना?

जेई_भुसावळ

सोपं आहे. z = e^(sT) नं पोल मॅप करा. तुमचा कंटिन्युअस पोल K = 5 ला s = -3. तेव्हा z = e^(-3), म्हणजे जवळपास ०.०५. एकदम वर्तुळाच्या आत, मध्याजवळ. म्हणजे सिस्टिम स्थिरच आहे. सायलॅबमध्ये काहीतरी चुकीचं टाकलंय आणि कोडमध्येही गडबड असणार. व्हायव्हाला हेच सांगा.

तापीकाठची

सर, मी हातानंही काढून बघितलं. होल्डसकट -१.३६ च येतंय.

सातपुडा_मास्तर

-१.३६ बरोबर आहे. जेईसाहेबांचं सूत्रही बरोबर आहे, पण ते चुकीच्या पोलला लावलंय. आधी वर्तुळाचं बघू.

s वर पोल असला की त्याचा प्रतिसाद e^(st) सारखा चालतो. तुम्ही तो फक्त T, 2T, 3T ला बघता. तेव्हा दिसतात e^(sT) चे घात: पहिला, दुसरा, तिसरा. म्हणजे दर सँपलला मागच्या आकड्याला त्याच एका संख्येनं गुणलं जातं. त्या संख्येला आपण z म्हणतो. गुणत-गुणत आकडा विरतो की फुगतो हे फक्त तिच्या मापावर ठरतं, ती १ पेक्षा लहान की मोठी. चिन्ह उणे असलं, कोन काहीही असला, तरी विरण्या-फुगण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून तुमचा +०.६१ उजवीकडे असून शांत आणि -१.३६ डावीकडे असून फुटका. झेड-प्लेनवर डावं-उजवं हा प्रश्नच चुकीचा आहे, मध्यापासून अंतर किती एवढंच विचारायचं.

आता एस-प्लेनची सीमा, म्हणजे उभा अक्ष, तिथे कुठे जातो? s = jω घातलं की e^(jωT) चं माप नेहमी १, फक्त कोन ωT नं फिरतो. रहाटाच्या चाकावर दोर गुंडाळावा तसा तो सरळ अक्ष एका वर्तुळावर गुंडाळला जातो, आणि ω दर 2π/T नं वाढला की एक वेढा पुरा होतो. डाव्या अर्ध्यातल्या बिंदूंना s चा वास्तव भाग σ ऋण असतो, म्हणून e^(σT) १ पेक्षा लहान, ते सगळे वर्तुळाच्या आत पडतात. s वजा अनंताकडे गेला तर z मध्याला जातो. वर्तुळ कुणी निवडलेलं नाही, जुन्या सीमेचंच ते रूप आहे.

मग तुमचा पोल e^(-3) ला का नाही? कारण -३ हा पोल मिळतो तो लूप सतत बंद असताना, कंट्रोलर प्रत्येक क्षणी चूक बघतोय असं धरून. तुमचा कंट्रोलर एकदा बघतो आणि सेकंदभर डोळे मिटून तोच हुकूम धरून ठेवतो. त्या सेकंदात पंप एकटाच, लूप उघडं. म्हणून e^(sT) लागतं ते पंपाच्या स्वतःच्या पोलला, s = -0.5 ला. त्यातून a = e^(-0.5) = 0.6065 मिळतं. लूप बंद होतं ते त्यानंतर, आणि बंद लूपचा पोल येतो:

```
z = a - K*(1 - a)
```

हातानं करून बघा. प्रेशर ०.१ बारनं जास्त आहे. काहीच केलं नाही तर सेकंदानंतर त्यातलं ०.०६ उरेल. पण K = 5 म्हणून तुम्ही ०.५ बार कमी करायचा हुकूम दिलात. सेकंदात पंप हुकुमाच्या ३९ टक्के वाट कापतो, म्हणजे जवळपास ०.२ बार खाली. उरलं ०.०६ वजा ०.२, म्हणजे -०.१४. आता प्रेशर कमी आहे, आणि आधीपेक्षा जास्त कमी. पुढच्या सेकंदाला +०.१९, मग -०.२५. सतत बघणारा कंट्रोलर वाटेतच हुकूम कमी करत आणला असता, तुमचा तसं करू शकत नाही.

सीमा हवी असेल तर z ला -1 ठेवा: K = (1+a)/(1-a), म्हणजे ४.०८. T ०.२ सेकंद केला तर हीच सीमा २० च्या आसपास जाते. कंटिन्युअसमध्ये सीमाच नव्हती; ती सँपलिंगनं आणली.

जेई_भुसावळ

मान्य, बंद लूपला थेट मॅपिंग लागत नाही. पण मग K = 3 ला z = -०.५७ येतो, तोही आत आहे. तरी पंप झोके घेतोय. म्हणजे कोडमध्ये गडबड आहे हे माझं म्हणणं खरं ठरतं की नाही?

सातपुडा_मास्तर

ठरतं. आणि ती गडबड झोक्यांच्या लांबीतच दिसते. पोल -1 वरून बाहेर पडला असता तर प्रेशर दर सँपलला चिन्ह बदलतं, झोका दोन सेकंदांचा असता. तिचा पाच सेकंदांचा आहे. एकाच पोलच्या सिस्टिममध्ये असा झोका येऊच शकत नाही, त्याला पोलची जोडी लागते. म्हणजे हिशेबात नसलेला दुसरा पोल कुठून तरी आलाय.

लूपमधल्या ओळींचा क्रम बघा. analogWrite सर्वांत वर आहे. आत्ता वाचलेल्या प्रेशरवरून काढलेला u एक सेकंद थांबून पुढच्या फेरीत पंपाला जातो. पुरा एक सँपल उशीर. मग समीकरण असं होतं:

```
z^2 - a*z + K*(1 - a) = 0
```

इथे जोडीच्या मापाचा वर्ग K(1-a) आहे. तो १ झाला की जोडी वर्तुळावर, म्हणजे K = २.५४ लाच सीमा. K = 3 ला माप १.०९, कोन साधारण ७४ अंश. ३६० ला ७४ नं भागा: एक झोका ४.९ सँपलचा. तिनं पाच सांगितलेच आहेत. analogWrite ची ओळ u काढल्यानंतर, delay च्या आधी टाक बेटा, आणि सांग.

केळीबाग_रावेर

म्हणजे हवा नव्हतीच म्हणा की. काय भो, आमच्या शेतातल्या ऑटोमॅटिक पॅनेललाही असंच काही झालं असेल का? तो पण मधूनच पिसाळतो.

सातपुडा_मास्तर

पाटील, पॅनेलचं सँपलिंग किती आहे ते कळल्याशिवाय काय सांगू? आधी झोका किती सेकंदांचा आहे ते घड्याळ लावून मोजा.

तापीकाठची

क्रम बदलला. K = 3 ला पाच सेकंदांचे झोके गेले! आता दर सेकंदाला एकदा वर एकदा खाली होत स्थिरावतंय. पण सिम्युलेशनमध्ये तीन-चार सँपलमध्ये मिटतं, पंपावर त्यापेक्षा बरंच लांबतं. आणि K = 3.5 ला थांबतच नाही, दोन-दोन सेकंदांचा झोका चालूच राहतो. सीमा तर ४.०८ होती. अजून कुठे उशीर राहिलाय का?

सातपुडा_मास्तर

दोन सँपलचा झोका असेल तर उशिरावर माझा संशय कमी, गेनवर जास्त. स्टेप टेस्ट किती बारला घेतली होती?

तापीकाठची

१ बारच्या आसपास. कंट्रोल १.५ ला चालवतोय.

सातपुडा_मास्तर

हे घ्या. पंपाचं प्रेशर स्पीडच्या वर्गानं वाढतं, आणि तुमची लाइन सपाट आहे म्हणून चढाईचा वेगळा भाग नाही. म्हणजे स्पीड थोडा वाढवला तर प्रेशर किती वाढेल हे स्पीडबरोबर वाढत जातं. १ वरून १.५ बारला जाताना तो उतार १.५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.२२ पट होतो. तुमचा ३.५ खरा ४.३ झाला, आणि सीमा ४.०८ ओलांडली. ३ चा ३.७ झाला, त्याचा पोल -०.८४ च्या आसपास, म्हणून हळू मिटतंय. १.५ बारलाच पुन्हा स्टेप टेस्ट घ्या, तीही छोट्या स्टेपनं.

जेई_भुसावळ

इतकं छान जुळतंय म्हणून तेच कारण, असं मला पटत नाही. टाइम कॉन्स्टंटही स्पीडबरोबर बदलेल, तो २ वरून खाली आला तर a कमी होऊन सीमाही खाली येते. आणि व्हीएफडीचा अ‍ॅक्सिलरेशन टाइम कुणी विचारलाच नाही.

सातपुडा_मास्तर

टाइम कॉन्स्टंटचं म्हणणं रास्त आहे, नव्या स्टेप टेस्टमध्ये दोन्ही आकडे वेगळे दिसतील. अ‍ॅक्सिलरेशन टाइमनं मात्र उशीर वाढला असता आणि झोका दोन सँपलपेक्षा लांबला असता.

तापीकाठची

व्हीएफडीवर अ‍ॅक्सिलरेशन टाइम ५ सेकंद सेट आहे. K = 3.5 ला झोका आधी वाढतो, मग एका उंचीवर अडकून तसाच राहतो, फुटत नाही. तो तिथे का अडकतो, हे या रॅम्पमुळे का? स्टेप टेस्ट सोमवारी लॅब उघडली की घेते आणि आकडे इथेच टाकते.