मदत हवी आहे: फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरे चट्टे

डिचोलीकरीण:
गेल्या रविवारी फोंड्याला नणंदेचा साखरपुडा झाला. आरशात मेकअप छान दिसत होता, माझ्या मोबाइलवर फ्लॅशशिवाय काढलेले फोटोही ठीक आले. फोटोग्राफरचे आले तेव्हा मात्र डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूला पीठ सांडल्यासारखं पांढरं! सासूबाई म्हणाल्या, "रवा चाळत होतीस की काय?" सनस्क्रीन, फाउंडेशन आणि वर बिनरंगाची सुटी पावडर, एवढंच लावलं होतं. घामामुळे पावडर जरा जास्तच थापली. महिन्याभरात लग्न आहे. काय बदलू?

नुसतीवाचक:
सनस्क्रीनच कारण. कार्यक्रमाला कधीच लावू नका.

म्हापशाची_ताई:
मी नवरीमुलींचे मेकअप करते. सनस्क्रीनमुळेही होतं, पण त्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर. आणि ते चेहराभर लावलेलं असतं, त्यामुळे अख्खा चेहराच मानेपेक्षा उजळ येतो. तुमचे चट्टे जिथे पावडर जास्त बसली नेमके तिथेच आहेत. डब्यावर घटक बघा, सिलिका सुरुवातीलाच असेल. साध्या उजेडात ती दिसत नाही, पण फ्लॅशचा झोत तिच्यावरून उलटा लेन्सकडे येतो.

घाम आला की आधी ब्लॉटिंग पेपरने टिपा, घासू नका. मग त्वचेच्या रंगाची दाबलेली पावडर ब्रश झटकून फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. घामावर पावडर चढवत गेलं की थर बसतात. डोळ्यांखाली जवळजवळ नकोच.

मांडवीकाठचा:
माझ्या बायकोचं उलट, कपाळ ट्यूबलाइटसारखं चमकतं! तिला कुठली पावडर?

म्हापशाची_ताई:
दादा, ते तेल. टिपून बघा आधी.

कॅमेरावाला_मडगाव:
थोडा दोष आमचाही. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावरून सरळ मारला की असं होतं. हॉलचं छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर तो वर वळवून मारायला सांगा. अंगणातल्या मांडवात मात्र उजेड परतायला वर काही नसतं.

डिचोलीकरीण:
डबा पाहिला, पहिलंच नाव सिलिका! काल रात्री अर्ध्या चेहऱ्याला ती पावडर, अर्ध्याला टिपून कॉम्पॅक्ट लावलं. दिवे घालवून नवऱ्याला मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारायला लावला. आधी सेल्फी काढून पाहिली होती, तिच्यात स्क्रीन नुसती उजळते, काही कळलं नाही. या फोटोत पावडरची बाजू पांढरी, दुसरी साफ. पण कपाळ दोन्हीकडे मानेपेक्षा किंचित उजळ आहे. म्हणजे सनस्क्रीनही का? मुहूर्त सकाळी अकराचा आहे, मांडव उघडा. उन्हात न लावता कसं बसू?

म्हापशाची_ताई:
झिंक आणि टायटॅनियम दोन्ही नसलेलं सनस्क्रीन घ्या, मानेलाही लावा आणि हाच प्रयोग परत करा. पण काही फाउंडेशनमध्येही टायटॅनियम असतं. ती बाटली बघितलीत का?